कानातली नागीण आणि वाकडे झालेले तोंड

*आई 61 वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे. गेल्या बुधवारी तिचा उजवा कान ठणकू लागला, म्हणून मेडिकलमधून कानाचे थेंब आणले. शुक्रवारी कानाच्या खळग्यात पाण्याचे फोड आले. शेजारच्या आजींनी नागीण ओळखली आणि गावातल्या जाणत्याकडून मंत्र घालून गेरू लावून घेतला. रविवारी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूने गळाले. तोंड डावीकडे ओढले आहे आणि उजवा डोळा मिटत नाही. काका म्हणतात वारं गेलं, आधी बेळगावला नेऊन डोक्याचा स्कॅन करा. आज सोमवारी खानापूरच्या डॉक्टरांनी 21 मोठ्या गोळ्या आणि स्टेरॉइड लिहून दिले. पण मामा म्हणतात, नागिणीवर इंग्रजी औषध दिले की ती आत जाते, सात दिवसांचे पथ्य होऊ दे. मलाही वाटते, पाच दिवस तर गेलेच, आता गोळ्या देऊन उपयोग काय? शिवाय माझी बहीण चार महिन्यांची गरोदर असून सध्या माहेरी आहे. काय करावे?*
*— खानापूर तालुक्यातील एक मुलगी*

तुमचे पत्र सोमवारी रात्री वाचले आणि सदराची वाट न पाहता त्याच रात्री तुम्हाला निरोप पाठवला, की गोळ्यांचा पहिला डोस झोपण्यापूर्वी द्यावा आणि बाकीचे प्रश्न सकाळी सोडवावेत. तो दिल्याचे तुम्ही कळवलेत. घाई का केली, हे आता सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात, खानापूरपासून निपाणीपर्यंत, कानातल्या नागिणीचे रुग्ण जवळपास याच वाटेने आणि याच मुक्कामांवर थांबत थांबत डॉक्टरांपर्यंत पोहोचतात.

शेजारच्या आजींनी रोग बरोबर ओळखला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मेडिकलमधल्या थेंबांपेक्षा त्यांची नजर अधिक अचूक ठरली. मराठीत जिला आपण नागीण म्हणतो आणि कन्नडमध्ये जिला सर्पसुत्तु म्हणतात, ती लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, साखर बेताबाहेर गेली, एखाद्या आजाराने प्रतिकारशक्ती उतरली, की तो जागा होतो आणि ज्या नसेच्या गाठीत तो दडलेला असतो त्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. बहुतेकांच्या बाबतीत ती नस छातीची किंवा कमरेची असते. तुमच्या आईच्या बाबतीत ती चेहऱ्याची नस आहे. या नसेची गाठ कानाच्या आतील हाडात असते आणि तिचे काही धागे कानाच्या खळग्यातल्या त्वचेपर्यंत येतात, म्हणून फोड तेथे उठले. कानातले फोड आणि चेहऱ्याचा लकवा ही जोडी जेम्स रॅम्झी हंट या अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञाने 1907 साली वर्णन केली, म्हणून केसपेपरवर तुम्हाला ‘रॅम्झी हंट’ असे लिहिलेले दिसेल.

आता मामांच्या म्हणण्याकडे येतो, कारण घरातली खरी अडचण तीच आहे. मंत्राने आणि गेरूने नागीण उतरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असणार, आणि ते खोटे बोलत नाहीत. नागिणीचे फोड काहीही न करता साधारण सात ते दहा दिवसांत सुकू लागतात आणि दोन ते चार आठवड्यांत खपल्या पडून जातात. सात दिवसांचे पथ्य सांगणाऱ्याला म्हणूनच नेहमी यश मिळते. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही भीतीही याच कारणाने खरी ठरत नाही. फोड एका नसेच्या हद्दीत आणि शरीराच्या एकाच बाजूला राहतात, त्यामुळे ते जुळण्याची वेळच सहसा येत नाही. छातीवरच्या नागिणीत त्वचा बरी झाली की बहुधा माणूसही बरा होतो (मागे राहणारी आग वेगळी), म्हणून हा सारा अनुभव तेथे बऱ्यापैकी टिकतो.

कानात मात्र तो टिकत नाही. आईला दिलेल्या गोळ्या फोडांसाठी दिलेल्याच नाहीत. फोड गोळ्यांविनाही सुकले असते. त्या नसेसाठी आहेत, आणि नस त्वचेच्या वेळापत्रकाने चालत नाही. चेहऱ्याची नस मेंदूतून निघून चेहऱ्यावर येईपर्यंत कानाच्या हाडातील एका लांब, अरुंद नळीतून जाते. ही नळी सुरुवातीला इतकी चिंचोळी असते की तिची रुंदी एक मिलिमीटरदेखील भरत नाही, आणि विषाणू जेथे जागा होतो ती गाठ त्या चिंचोळ्या भागाला लागूनच आहे. विषाणू वाढला की नसेला सूज येते. हात सुजला तर त्याला पसरायला जागा असते, या नसेला मात्र चारही बाजूंनी हाड असते, त्यामुळे सुजलेली नस स्वतःच्याच सुजेने आवळली जाते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिचे धागे मरू लागतात. सूज पुढे ओसरते, पण मेलेले धागे पुन्हा वाढायला महिने घेतात, आणि वाढले तरी प्रत्येक धागा आपल्या जुन्या स्नायूपर्यंत पोहोचेलच असे नसते.

‘औषधाने नागीण आत जाते’ या समजाचे उत्तरही येथेच मिळते. ती आतूनच आलेली आहे. व्हॅलसायक्लोव्हिर किंवा असायक्लोव्हिर ही औषधे विषाणूला कोठे ढकलत नाहीत, तर विषाणूने पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढण्याचे जे काम चालवलेले असते ते बंद पाडतात. मात्र एवढेच ती करतात. तयार झालेल्या विषाणूने आधीच केलेली हानी ती भरून काढत नाहीत, आणि नकला काढण्याचा जोर पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो, म्हणून नंतर दिलेली तीच गोळी कमी कामाची ठरते. सुजेसाठी स्टेरॉइड असते, आणि ते विषाणूविरोधी गोळीबरोबरच दिले जाते. ‘लवकर’ या शब्दाचा एवढाच अर्थ आहे.

हा ‘लवकर’ किती लवकर, याचा एक हिशेब 1997 साली जपानी डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. त्यांनी कानातल्या नागिणीच्या 80 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सर्वांना असायक्लोव्हिर आणि स्टेरॉइड दिलेले होते, फरक फक्त सुरुवातीच्या दिवसाचा होता. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालेल्या 28 जणांपैकी 21 जणांचा चेहरा पूर्ण सुधारला. चौथ्या ते सातव्या दिवसात सुरू झालेल्या 29 जणांपैकी 14 जणांचा सुधारला. आठवडा उलटून गेल्यावर ज्यांना औषध मिळाले त्या 23 जणांपैकी फक्त 7 जण पूर्ण बरे झाले. डॉक्टर 72 तासांचा एवढा आग्रह का धरतात, हे या आकड्यांवरून समजते.

तरीही हा हिशेब पुराव्याच्या कसोटीवर पक्का नाही, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती, जुन्या नोंदी चाळलेल्या होत्या, आणि उशिरा येणारे रुग्ण इतर कारणांनीही वेगळे असू शकतात. या रोगात औषध दिलेले आणि न दिलेले अशा मोठ्या गटांची काटेकोर तुलना आजही आपल्यापुढे नाही. मग आम्ही डॉक्टर औषध का देतो? कारण याच विषाणूवर इतर ठिकाणच्या नागिणीत या औषधाचा परिणाम सिद्ध झालेला आहे, औषध बहुतेकांना सोसते, आणि वाट पाहून जे गमावले जाते ते चेहऱ्याच्या बाबतीत पुन्हा मिळवता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘पाच दिवस तर गेलेच’ या शब्दांपाशी थांबू. तुम्ही बुधवारच्या ठणक्यापासून मोजत आहात. फोड शुक्रवारी आले, म्हणजे तुमचे पत्र माझ्याकडे आले तेव्हा फोडांचे 72 तास नुकतेच भरत आले होते, आणि चेहऱ्याला अशक्तपणा येऊन दोन दिवसही झाले नव्हते. म्हणजे नसेचे नुकसान नुकते सुरू झाले होते. शिवाय 72 तास हे काही दुकानाचे शटर नव्हे, की वेळ संपली आणि खाली आले. वरच्या आकड्यांतही चौथ्या ते सातव्या दिवसातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना पूर्ण गुण आलेला आहे. नवे फोड येत असतील किंवा चेहऱ्याची शक्ती अजून उतरत असेल, तर आठवड्याभराने आलेल्या रुग्णालाही मी औषध देतो. ‘उशीर झालाच आहे, तर आणखी चार दिवस थांबू’ हा विचार आपल्या घरांत फार सहज येतो, आणि या रोगात तो सर्वांत महाग पडतो.

बुधवारी तुम्ही चुकलात का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात ती बोच जाणवते. बुधवारी कान पाहून हा रोग मलाही ओळखता आला नसता, आणि हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत निपाणीकडचा एक शिंपी कान ठणकतो म्हणून आला होता. कान स्वच्छ, पडदा साफ, ताप नाही. मी वेदनाशामक गोळी आणि थेंब लिहून दिले आणि आठ दिवसांनी दाखवायला सांगितले. तो सांगितल्याप्रमाणे आठ दिवसांनीच आला, तेव्हा तोंड वाकडे झालेले होते आणि कानाच्या नळीत सुकलेल्या खपल्या होत्या. फोड माझ्याकडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आले होते. कानातच आहेत, थेंब घालतोच आहोत, म्हणून तो थांबला होता. चूक त्याची नव्हती. ‘आठ दिवसांनी’ हे शब्द माझे होते. त्याचा चेहरा वर्षभरात बराचसा परतला, पण घास चावताना त्याचा डोळा आपोआप मिटायचा, कारण वाढलेले धागे चुकीच्या स्नायूंत शिरले होते. तेव्हापासून कान दिसायला चांगला असूनही फार ठणकत असेल, तर मी रुग्णाला एवढेच सांगतो, की उद्या, परवा आरशासमोर कानाचा खळगा पाहा, एक फोड जरी दिसला किंवा चूळ भरताना पाणी गळाले तरी त्याच दिवशी या. कधी कधी फोड चेहऱ्यानंतर येतात, कधी ते टाळूवर किंवा जिभेवर असतात, आणि काही थोड्या रुग्णांत ते येतच नाहीत, म्हणून फोडांची वाट पाहणेही बरोबर नाही.

काकांचा सल्ला चुकीच्या जागेवरचा असला तरी त्यामागची भीती रास्त आहे. तोंड वाकडे झाले की मेंदूतला झटका आठवणारच. येथे एक साधी खूण उपयोगी पडते. आईला भुवया वर उचलायला सांगा. झटक्यात साधारणपणे तोंडाचा खालचा भाग वाकडा होतो, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात आणि डोळा बऱ्यापैकी मिटतो. चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते आणि डोळा उघडा राहतो. आईचा डोळा मिटत नाही, कानात फोड आहेत, हातपाय नीट चालत आहेत, म्हणून स्कॅनसाठी गोळ्या थांबवण्याचे कारण नव्हते. मात्र ही खूण घरच्या घरी झटका नाही असे ठरवण्यासाठी वापरू नका. ज्याच्या कानात फोड नाहीत, किंवा ज्याचा हात जड झाला आहे, बोलणे अडखळते आहे, एकाचे दोन दिसत आहेत, अशा माणसाला कपाळ न तपासता तडक मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. आणि दोन्हींपैकी काहीही असले तरी गरम तेलाच्या मालिशवाल्याकडे पहिला आठवडा घालवणे हे उत्तर नाही.

आता गोळ्यांबद्दल. 21 मोठ्या गोळ्या म्हणजे बहुधा व्हॅलसायक्लोव्हिर 1000 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. पाकिटावर नाव आणि आकडा एकदा वाचून पाहा. त्याऐवजी साधे असायक्लोव्हिर दिले जाते तेव्हा 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा घ्यायची असते, म्हणजे साधारण चार चार तासांनी, रात्रीची झोप सोडून. मी हे आकडे मुद्दाम देत आहे, कारण ओठावर उठणाऱ्या साध्या फोडांसाठी वापरली जाणारी 200 मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमधून आणून ‘औषध चालू आहे’ असे समजणारे रुग्ण मी पाहिले आहेत. नागिणीचा विषाणू त्या मात्रेला दाद देत नाही. मलमाची ट्यूबही येथे कामाची नाही, कारण ते त्वचेवर राहते आणि आपले भांडण हाडातल्या नळीत आहे. मात्रा मात्र स्वतः ठरवू नका. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि जुन्या मधुमेहात मूत्रपिंड मंदावलेले असू शकते. तसे असेल तर डॉक्टर गोळ्यांमधले अंतर वाढवतात. म्हणून रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या, आणि आईला पाणी भरपूर पिऊ द्या. ती गोंधळल्यासारखी बोलू लागली किंवा लघवी फारच कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

स्टेरॉइडबद्दल तुमच्या घरात दुहेरी भीती असणार: एक नाव ऐकूनच वाटणारी, आणि दुसरी साखरेची. दुसरी खरी आहे. प्रेडनिसोलोन साधारणपणे वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 60 मिलिग्रॅम, असे सुमारे पाच दिवस देऊन नंतर हळूहळू कमी करतात, आणि या काळात मधुमेही माणसाची साखर, विशेषतः दुपारनंतरची, बरीच चढते. यावर उपाय स्टेरॉइड गुपचूप बंद करणे हा नव्हे. ते सकाळी नाश्त्यानंतर द्यावे, साखर दिवसातून दोन-तीनदा तपासून वहीत लिहावी आणि दोन दिवसांनी ती वही मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवावी, म्हणजे गरज पडल्यास ते तेवढ्या दिवसांपुरते मधुमेहाचे औषध वाढवतील. ज्यांची साखर आधीच फार बेताबाहेर आहे, त्यांनी दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणे अधिक बरे.

मात्र सर्वांत आधी लक्ष डोळ्याकडे द्या. चेहऱ्याला महिना-दोन महिने लागले तरी चालतात, पण न मिटणाऱ्या डोळ्याचे बुबुळ दोन-तीन दिवसांतही कोरडे पडून खरचटू शकते. दिवसा दर तासा-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला, रात्री डोळ्यात मलम भरून पापणी बोटाने पूर्ण खाली ओढा आणि मगच कागदी चिकटपट्टी लावा. उघड्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून पट्टी बांधणे हा फार होणारा आणि फार वाईट प्रकार आहे, कारण आत पापणी उघडीच राहते आणि कापूस बुबुळावर घासतो. बाहेर जाताना, विशेषतः दुचाकीवर मागे बसताना, चष्मा लावा. डोळा लाल झाला, खुपू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या.

कानावरचा गेरू खरवडू नका. स्वच्छ पाण्यात कापड भिजवून तो हलकेच मऊ करून काढा आणि नंतर काहीही लावू नका, कारण लेपाखाली पू झाला तर तो दिसत नाही आणि लेप पाहून डॉक्टरांनाही कानात किती फोड आहेत हे कळत नाही. थेंबही बंद करा, डॉक्टरांनी कान पाहून दिले असतील तरच चालू ठेवा. आणि आईला त्या कानाला फोन लावून ऐकायला सांगा. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस चेहऱ्याच्या नसेला खेटून जाते, त्यामुळे या रोगात कमी ऐकू येणे, कानात घूं घूं आवाज आणि गरगरणे हे सोबत येऊ शकते. आवाज कमी वाटत असेल किंवा घर फिरत असेल, तर या आठवड्यातच श्रवणाची तपासणी झाली पाहिजे. खानापूरहून बेळगावला सिव्हिलमध्ये गेलात तर एक व्यवहारातली गोष्ट लक्षात ठेवा. केसपेपरच्या खिडकीवर नुसते ‘नागीण’ किंवा ‘सर्पसुत्तु’ म्हटलेत तर तुम्हाला त्वचारोगाच्या रांगेत पाठवतील आणि सकाळ जाईल. कानात फोड आहेत आणि तोंड वाकडे झाले आहे असे सांगा, कन्नडमध्ये ‘किवी’ आणि ‘बायी सोट्ट’ एवढे शब्द पुरे आहेत, आणि कान-नाक-घसा विभागच मागून घ्या. सोबत एका कागदावर ठणका, फोड आणि तोंड वाकडे होणे यांचे वार आणि पहिल्या गोळीची वेळ लिहून न्या. तुमच्या पत्रात हे वार होते, म्हणूनच मला त्या रात्री निर्णय सांगता आला.

पुढचे काही महिने कसे जातील, हे आता सांगून ठेवतो, म्हणजे घरात आठव्या दिवशी ‘गोळ्यांनी काही झाले नाही’ अशी चर्चा सुरू होणार नाही. गोळ्या संपतील तेव्हा तोंड बहुधा वाकडेच असेल. औषधाने नुकसान वाढायचे थांबते, झालेले नुकसान भरायला आठवडे लागतात. आज गालाची थोडी तरी हालचाल होत असेल तर आशा अधिक; गाल पूर्ण निपचित असेल तर वेळ अधिक लागतो आणि थोडे व्यंग राहू शकते. ओळखीचे कोणी तरी फुगे फुगवायला सांगेल, कोणी विजेचे झटके देणाऱ्या यंत्राकडे पाठवेल. माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. जोर लावून सगळा चेहरा एकदम ताणला की पुढे डोळा आणि तोंड एकत्र हलण्याची, त्या शिंप्यासारखी, खोड लागण्याचा धोका वाढतो. आरशासमोर एका वेळी एक हालचाल, सावकाश, दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटे, एवढे पुरे, आणि तेही हालचाल परतू लागल्यावर. तीन-चार महिन्यांत काहीच परतले नाही तर पुन्हा तज्ज्ञांना दाखवा, तेव्हा स्कॅनलाही अर्थ असतो. कानात किंवा गालावर जळजळ मागे राहिली तर ती सोसत बसू नका, नसेच्या वेदनेसाठी वेगळ्या गोळ्या असतात आणि साध्या वेदनाशामकांपेक्षा त्या अधिक लागू पडतात.

राहिला बहिणीचा प्रश्न. आईकडून तिला नागीण लागणार नाही. पण फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो, आणि ज्या व्यक्तीला कांजिण्या आलेल्या नाहीत आणि त्यांची लसही घेतलेली नाही, तिला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून पहिला प्रश्न तुमच्या आईलाच विचारा, की बहिणीला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का. आल्या असतील तर फारशी काळजी नाही. आल्या नसतील किंवा आठवत नसेल, तर आजच तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा आणि संपर्क कोणत्या दिवशी सुरू झाला तेही सांगा. रक्ताच्या तपासणीतून तिच्यात संरक्षण आहे की नाही हे कळते, आणि नसेल तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत टोचायचे एक संरक्षक इंजेक्शन असते. तोवर कान धुण्याचे आणि डोळ्यात मलम घालण्याचे काम तुम्ही करा, आईचा टॉवेल आणि उशीची खोळ वेगळी ठेवा, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत बहिणीने सासरी किंवा दुसऱ्या खोलीत राहावे.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची लस 2023 पासून आपल्याकडे मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात आणि ती महाग आहे. चालू असलेल्या नागिणीवर तिचा उपयोग नाही, त्यामुळे आईबाबत तो विषय ती पूर्ण बरी झाल्यावर तिच्या डॉक्टरांशी काढा. मामांचे वय तुम्ही लिहिलेले नाही, पण पन्नाशीपुढचे असतील तर त्यांनाही विचारून पाहायला हरकत नाही.

येत्या सोमवारी शेवटची गोळी होईल. त्या दिवशी आईचा डोळा बोट न लावता किती मिटतो आणि भुवई हलते का, ते पाहून मला कळवा.